त्रिज्येत वर्गमूळ कशासाठी?

वर्तुळाच्या आत कुठेही, कोणत्याही भागाला झुकतं माप न देता, एक यादृच्छिक बिंदू निवडायचा असेल तर बहुतेकांना एकच रीत सुचते. ० ते ३६० अंशांतला एखादा कोन यादृच्छिकपणे घ्यायचा, केंद्रापासूनचं अंतर ० ते त्रिज्येपर्यंत तसंच यादृच्छिकपणे घ्यायचं आणि त्या दिशेला तेवढ्या अंतरावर बिंदू मांडायचा. कोन निःपक्षपाती, अंतर निःपक्षपाती, म्हणजे बिंदूही निःपक्षपाती असणार, असा हा तर्क आहे. तो चुकीचा आहे आणि हे साध्या मोजणीने दाखवता येतं. १० मीटर त्रिज्येचं एक गोल शेत घ्या. त्यात मातीचे नमुने घेण्यासाठी जागा निवडायच्या आहेत. या रीतीने निवडलेल्या जागांपैकी सुमारे १० टक्के केंद्रापासून १ मीटरच्या आत पडतील, कारण अंतर ० ते १ च्या दरम्यान येण्याची शक्यता दहात एक आहे. ९ ते १० मीटरच्या दरम्यानही बरोबर तेवढ्याच पडतील. पण आतल्या छोट्या वर्तुळाचं क्षेत्रफळ आहे साधारण ३.१४ चौरस मीटर, आणि बाहेरच्या कड्याचं १०० वजा ८१, म्हणजे १९ गुणिले पाय, जवळजवळ ६० चौरस मीटर. एकोणीसपट मोठ्या जागेला तेवढेच नमुने मिळाले, याचा अर्थ मध्यावरची माती कडेच्या मातीपेक्षा सरासरी एकोणीसपट दाट तपासली गेली. कडेला क्षार साचले असतील तर ते या तपासणीत प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी दिसतील.

आपल्याला हवं आहे ते असं, की कोणत्याही भागात बिंदू पडण्याची शक्यता त्या भागाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असावी. केंद्रापासून r अंतरापर्यंतच्या भागाचं क्षेत्रफळ r च्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून वर्तुळाची त्रिज्या R असेल तर बिंदू r च्या आत असण्याची शक्यता r²/R² इतकी असायला हवी. आता ० ते १ मधली एक यादृच्छिक संख्या u घेऊन तिलाच ही शक्यता मानलं, तर u = r²/R² आणि त्यावरून r = R√u. वर्गमूळ येतं ते इथून. अंतराच्या सूत्रातही वर्गमूळ असतं, म्हणून पुष्कळांना हे पायथागोरसच्या प्रमेयातून आलेलं वाटतं, पण त्याचा इथे संबंध नाही. भरीव गोलात बिंदू टाकायचा असेल तर घनफळ r³ च्या प्रमाणात वाढतं, आणि तिथे u चं घनमूळ घ्यावं लागतं. आपल्या शेतात u = ०.३६ आली, तर भोळी रीत बिंदू ३.६ मीटरवर मांडते आणि योग्य रीत ६ मीटरवर.

```python
import math, random

R = 10
r = R * math.sqrt(random.random())
t = 2 * math.pi * random.random()
x, y = r * math.cos(t), r * math.sin(t)
```

यावर एक आक्षेप हमखास येतो. वर्गमूळ घेतल्यावर अंतरांचा आलेख काढला तर तो सपाट येत नाही, कडेकडे चढत जातो. मग आपण बिंदू मुद्दाम बाहेर ढकलत नाही का? आलेख चढतो हे खरं, आणि तो चढायलाच हवा. बाहेर जागा जास्त आहे, म्हणून बिंदूही जास्त. सपाट असायला हवी ती दर चौरस मीटरमागची संख्या, दर मीटर अंतरामागची नव्हे. तपासायला अर्ध्या त्रिज्येच्या आतले बिंदू मोजावेत. तो भाग एकूण क्षेत्रफळाच्या पाव आहे, म्हणून १०,००० बिंदूंपैकी २,५०० च्या आसपास तिथे हवेत. नशिबाचा खेळ धरूनही हा आकडा १३० हून अधिक इकडेतिकडे क्वचितच जातो. भोळी रीत तिथे ५,००० बिंदू टाकते. नुसतं चित्र पाहून समाधान मानू नये. बिंदू थोडे असले की दाटी डोळ्यांना कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. भोळी रीतसुद्धा यादृच्छिकच आहे, मग तिला चूक का म्हणायचं? फ्रेंच गणिती जोसेफ बेर्त्राँ यांनी १८८९ मध्ये नेमकी हीच अडचण मांडली. वर्तुळाची एक जीवा यादृच्छिकपणे काढली, तर ती आतल्या समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा लांब असण्याची शक्यता किती? जीवेचा मध्य केंद्रापासून अर्ध्या त्रिज्येच्या आत असेल तरच ती लांब असते. केंद्रापासूनचं अंतर सपाट वाटून घेतलं तर उत्तर १/२ येतं आणि मध्यबिंदू क्षेत्रफळावर सारखा वाटला तर १/४. वरच्या मोजणीतले ५,००० आणि २,५०० ते हेच. दोन्ही उत्तरं आपापल्या प्रश्नाला बरोबर आहेत. पण शेताच्या प्रत्येक चौरस मीटरला सारखी संधी हवी, असं ठरवल्यावर प्रश्न एकच उरतो, आणि त्या प्रश्नाला भोळ्या रीतीचं उत्तर चूकच ठरतं.

त्रिकोणात हाच गैरसमज वेगळ्या रूपात भेटतो. A, B, C या शिरोबिंदूंना वजनं द्यायची असतात आणि वजनांची बेरीज १ हवी असते. म्हणून तीन यादृच्छिक संख्या घेऊन प्रत्येकीला त्यांच्या बेरजेने भागलं जातं. तिन्ही कोपऱ्यांना सारखाच न्याय मिळतो, त्यामुळे ही रीत निर्दोष वाटते. पण सममिती म्हणजे समान विखुरणी नव्हे. बाजूंचे मध्यबिंदू जोडले की त्रिकोणाचे चार सारखे तुकडे होतात, म्हणून प्रत्येकात पाव बिंदू हवेत. A च्या कोपऱ्यातल्या तुकड्यात बिंदू पडायला A चं वजन निम्म्याहून जास्त हवं, म्हणजे पहिली संख्या इतर दोघींच्या बेरजेपेक्षा मोठी हवी. ही शक्यता १/६ आहे. तिन्ही कोपरे मिळून निम्मे बिंदू, आणि उरलेले निम्मे एकट्या मधल्या तुकड्यात!

योग्य रीत सोपी आहे. A पासून निघणाऱ्या दोन बाजूंवर u आणि v या दोन यादृच्छिक संख्यांइतकं सरकायचं, म्हणजे P = A + u(B − A) + v(C − A). असा बिंदू समांतरभुज चौकोनात कुठेही सारख्याच शक्यतेने पडतो. u + v ची बेरीज १ पेक्षा जास्त आली, तर तो पलीकडच्या अर्ध्या भागात गेलेला असतो. तेव्हा u ऐवजी 1 − u आणि v ऐवजी 1 − v घेतलं की तो आपल्या त्रिकोणात परत येतो. दोन्ही अर्धे एकरूप असल्यामुळे विखुरणी बिघडत नाही. वर्गमूळ वापरूनही हे जमतं: P = (1 − √u)A + √u(1 − v)B + √u·v·C. कारण वर्तुळातलंच आहे. A पासून दूर जाताना BC ला समांतर असलेल्या पट्ट्या लांबत जातात आणि पार केलेलं क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

वर्गमूळ टाळण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे वर्तुळाभोवतीच्या चौरसात बिंदू टाकायचे आणि वर्तुळाबाहेर पडलेले सोडून द्यायचे. ही उधळपट्टी आहे, असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. पाय भागिले ४, म्हणजे ७८.५ टक्के बिंदू कामाला येतात, आणि एका बिंदूसाठी सरासरी १.२७ प्रयत्न पुरतात. साइन-कोसाइन काढण्यापेक्षा हे कधीकधी स्वस्तही पडतं. अडचण मिती वाढल्यावर येते. तीन मितींत ५२ टक्के बिंदू उरतात, तर दहा मितींत जेमतेम पाव टक्का, म्हणजे एका बिंदूसाठी सुमारे चारशे प्रयत्न. तिथे दिशा वेगळी निवडून अंतरासाठी u चं दहावं मूळ घ्यावं लागतं.