शेजारच्या राज्याची साक्ष

रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीने डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा किमान वेतनावरचा 1994 चा शोधनिबंध वाचला आणि विचारलं, "यात प्रयोगशाळा कुठे आहे?" प्रश्न रास्त होता.

1 एप्रिल 1992 ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तेवढंच राहिलं. कार्ड आणि क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या 410 फास्टफूड हॉटेलांना वाढीच्या आधी आणि काही महिन्यांनी फोनवरून विचारलं: माणसं किती कामाला आहेत? अर्धवेळ कामगार अर्धा धरला.

न्यू जर्सीत दर हॉटेलामागे सरासरी 20.44 माणसं होती, ती 21.03 झाली. एवढ्यावर थांबलो तर फसलोच, कारण त्या वर्षी बाजारच कसा होता, हे यातून कळत नाही. म्हणून पेनसिल्व्हेनिया बघायचं: 23.33 वरून 21.17. तिथली घट न्यू जर्सीतही झाली असती असं मानलं, तर वाढ अर्ध्याची नाही, पावणेतीन माणसांची दिसते. म्हणजेच पगार वाढवला की नोकऱ्या जातात, हे पाठ्यपुस्तकातलं भाकीत इथे खरं ठरलं नाही.

"पण दोन्ही राज्यं सारखीच चालली असती कशावरून?"

नेमकी हीच दुखरी नस. ते गृहीतक आहे; थेट सिद्ध करता येत नाही. शिवाय फोनवर मॅनेजर अंदाजे आकडा सांगतो. न्यूमार्क आणि वॉशर या अर्थतज्ज्ञांनी पुढे पगारपत्रकं तपासली, तर निष्कर्ष उलटा झुकला. मग कार्ड-क्रूगर यांनी सरकारी नोंदी घेतल्या. त्यांत मोठी घट सापडली नाही.