किडनीतली गाठ आणि एक वजाबाकी

अमेरिकेत ३,००१ माणसांचा सीटी स्कॅन झाला होता. स्कॅन मोठ्या आतड्याच्या तपासणीसाठी होता, किडनीसाठी नव्हे. तरीही त्यांतल्या ४३३ जणांच्या किडनीत एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ दिसली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा हिशेब १४.४ टक्के येतो, म्हणजे साधारण दर सात माणसांमागे एक.

आता दुसरा आकडा. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण सापडतात. त्यांत किडनीच्या कॅन्सरचे जेमतेम १७ हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरात एकाहून किंचित जास्त. किडनीत गाठ असणं इतकं सर्रास आणि किडनीचा कॅन्सर इतका कमी, हे एकत्र कसं बसतं? उत्तर असं, की त्या ४३३ जणांतल्या बहुतेकांच्या गाठी निव्वळ पाण्याच्या होत्या. वाढत्या वयाबरोबर त्या होतात आणि कुणाला कळतही नाहीत. प्रश्न उरतो तो पाण्याच्या नसलेल्या मोजक्या गाठींचा.

सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याचा माणूस सोनोग्राफीला मेहकर किंवा चिखलीला जातो आणि सीटीची चिठ्ठी मिळाली की बुलढाणा, जालना नाही तर छत्रपती संभाजीनगर गाठतो. एक उदाहरण मांडू. ते कुणा एका रुग्णाचं नाही, हिशेब समजावा म्हणून रचलेलं आहे. ५८ वर्षांचे एक शेतकरी आहेत. जेवणानंतर पोट जड होतं म्हणून पित्ताशयात खडा आहे का, हे बघायला सोनोग्राफी झाली. पित्ताशय स्वच्छ निघालं, पण उजव्या किडनीच्या खालच्या टोकाला २.६ सेंटिमीटरची गाठ दिसली. लघवीत रक्त नाही, कंबर दुखत नाही, वजन उतरलेलं नाही. घरच्यांना वाटतं, काहीच त्रास नाही म्हणजे साधीच असणार. पण रक्ताची लघवी, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारा गोळा ही पुस्तकातली तीन लक्षणं एकत्र असलेले रुग्ण आज दहा टक्क्यांहूनही कमी असतात. किडनीचे निम्म्याहून जास्त कॅन्सर असेच दुसऱ्याच कारणाच्या तपासणीत सापडतात. त्रास नसण्यावरून काहीच ठरत नाही.

सोनोग्राफीवर गाठ आतून पूर्ण काळी, भिंत पातळ आणि गाठीच्या मागची बाजू उजळलेली असेल, तर ती साधी पाण्याची गाठ. तिथेच विषय संपला, पुढे काही करायचं नाही. आपल्या शेतकऱ्याच्या गाठीत आत करडी छटा आहे. ती घट्ट मांसाची गाठ असेल किंवा जुनं रक्त साकळलेली पाण्याची गाठ असेल. सोनोग्राफीला हा फरक खात्रीने करता येत नाही, म्हणून सीटी.

सीटीचं यंत्र शरीरातल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देतं. सीटीचे जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या नावाने तो ओळखला जातो. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १,०००. चरबी शून्याच्या खाली येते, मांस आणि रक्त वर. इंजेक्शन न देता काढलेल्या साध्या स्कॅनमध्ये एकसारखी दिसणारी गाठ २० च्या आत असली तर ती पाण्याची. एकसारखी आणि ७० च्या वर असली तर बहुधा जुन्या रक्ताने घट्ट झालेली पाण्याची गाठ, तीही निरुपद्रवी. अडचण २० ते ७० च्या मधल्या पट्ट्यात आहे, कारण कॅन्सरही इथेच बसतो. आपल्या शेतकऱ्याच्या गाठीचा आकडा आला ३४.

निर्णय इथे एका वजाबाकीवर येतो. हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध सोडतात आणि साधारण ९० ते १०० सेकंदांनी पुन्हा स्कॅन घेतात. गाठीत जिवंत रक्तवाहिन्या असतील तर औषध आत शिरतं आणि आकडा चढतो. साकळलेल्या रक्तात औषध जायला वाटच नसते, त्यामुळे आकडा जागेवर राहतो. फरक दहाच्या आत असेल तर गाठीला रक्तपुरवठा नाही. वीस किंवा त्याहून जास्त असेल तर नक्की आहे. मधल्या दहा-वीसच्या फरकावर निकाल देता येत नाही, तिथे एमआरआय लागतो. किडनीच्या कॅन्सरचा पॅपिलरी नावाचा एक प्रकार मुळातच कमी औषध घेतो आणि नेमका या पट्ट्यात सापडतो.

शेतकऱ्याच्या गाठीचा आकडा ३४ वरून ९८ वर गेला. फरक ६४, म्हणजे घट्ट, रक्तपुरवठा असलेली गाठ. तोच आकडा ३४ वरून ३८ वर थांबला असता, तर रिपोर्ट खिशात घालून घरी जायला हरकत नव्हती.

ही वजाबाकी बिघडते ती बहुधा अगदी साध्या कारणाने. स्कॅन पोटदुखीसाठी म्हणून लिहिलेला असतो आणि थेट कॉन्ट्रास्ट देऊनच काढला जातो. मग रिपोर्टमध्ये ‘कॉन्ट्रास्टनंतर ६५’ असा एकच आकडा उरतो. गाठ आधीपासूनच ६२ होती की ३० होती, हे त्यावरून सांगता येत नाही, आणि बिचाऱ्या रुग्णाला पुन्हा स्कॅनला जावं लागतं. म्हणून चिठ्ठीवरच ‘किडनीच्या गाठीसाठी, कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर’ असं लिहून घेतलेलं बरं. स्कॅनआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं असतं, कारण हे औषध किडनीवाटेच बाहेर पडतं. दुसरी चूक मोजण्यातली. गाठ एका सेंटिमीटरच्या आसपास आणि किडनीच्या पोटात असेल, तर भोवतीच्या उजळ किडनीमुळे पाण्याच्या गाठीचा आकडाही खोटा चढतो. जाड काप घेतले की शेजारचं मांस आकड्यात मिसळतं. दोन्ही स्कॅनमध्ये आकडा गाठीच्या त्याच जागी मोजलेला हवा, कडेला किंवा चुन्याच्या ठिपक्यावर नको.

घट्ट गाठ म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. साध्या स्कॅनमध्ये गाठीच्या आत स्पष्ट चरबी सापडली, म्हणजे आकडा शून्याच्या बराच खाली गेला, तर ती बहुतेक वेळा अँजिओमायोलायपोमा नावाची साधी गाठ असते. तिची भीती कॅन्सरची नसते, मोठी झाल्यावर फुटून रक्तस्राव होण्याची असते. आपल्याकडे आणखी एक बहुरूपी आहे. बरीच वर्षं अडकलेला मुतखडा आणि सोबत जुना जंतुसंसर्ग असला की किडनीत पिवळट गोळा तयार होतो. स्कॅनवर तो हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो. ताप येऊन गेलेला, लघवीत पू, स्कॅनमध्ये मोठा खडा, असं चित्र असेल तर रेडिओलॉजिस्टला ते आधी सांगावं. किडनीचा टीबीही असाच फसवतो. आपल्या शेतकऱ्याच्या गाठीत चरबी नाही, किडनीत खडा नाही, लघवीचा रिपोर्ट स्वच्छ आहे.

यापुढे कामाला येते गाठीची लांबी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००३ साली २,७७० रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या २,९३५ घट्ट गाठींचा हिशेब मांडला. एक सेंटिमीटरच्या आतल्या गाठींपैकी ४६ टक्के साध्या निघाल्या. एक ते चार सेंटिमीटरच्या दरम्यान हे प्रमाण २० ते २२ टक्के होतं. सात सेंटिमीटर आणि त्यावरच्या गाठींत मात्र अवघं सहा टक्के. म्हणजे २.६ सेंटिमीटरच्या आपल्या गाठीबाबत शंभरातल्या सुमारे ७८ वेळा कॅन्सर आणि २२ वेळा साधी गाठ. यावर माझी एक हरकत आहे. हे सगळे रुग्ण डॉक्टरांना शंका आली म्हणून ऑपरेशन झालेले होते. ज्यांची गाठ नुसती पाहत राहिले, ते यात नाहीतच. त्यामुळे ७८ हा आकडा दिशा दाखवतो, एका माणसाचा निकाल सांगत नाही. स्त्रियांमध्ये साध्या गाठींचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं, हेही त्या एका सरासरीत दिसत नाही.

मग या साध्या बावीस गाठी ऑपरेशनआधीच ओळखता येत नाहीत का? चरबीवाल्या बऱ्याच ओळखता येतात. पण ऑन्कोसायटोमा नावाची साधी गाठ रक्तपुरवठ्यात, आकारात, रंगरूपात कॅन्सरसारखीच असते आणि नेहमीच्या सीटीवर तिला खात्रीने वेगळं काढता येत नाही. तिथे सुईने तुकडा काढण्याचा, म्हणजे बायोप्सीचा विचार येतो. २०१६ साली ५७ अभ्यासांतल्या ५,२२८ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला गेला. सुमारे ९२ टक्के वेळा सुईतून निदान मिळालं. आलेलं ‘कॅन्सर’ हे उत्तर खोटं ठरणं फार दुर्मिळ होतं. सुईमुळे कॅन्सर पसरतो ही गावोगावची भीती किडनीच्या गाठीबाबत प्रत्यक्षात क्वचितच खरी ठरते. खरी मेख दुसरीकडे आहे. शंभरातल्या उरलेल्या आठ जणांच्या रिपोर्टवर ‘निदान करता आलं नाही’ असं येतं आणि घरी ते ‘काही निघालं नाही’ असं वाचलं जातं. त्याचा अर्थ गाठ साधी आहे असा होत नाही. सुई बाजूला पडली किंवा तुकडा पुरला नाही, एवढाच होतो.

कॅन्सर निघाला तरी घाई किती? कॅनडात १७८ रुग्णांच्या २०९ छोट्या गाठी नुसत्या नजरेखाली ठेवल्या होत्या. त्या वर्षाला सरासरी ०.१३ सेंटिमीटर, म्हणजे १.३ मिलिमीटर वाढल्या. शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण होतं १.१ टक्के. त्यातली चकित करणारी बाब अशी, की कॅन्सरच्या आणि साध्या गाठींच्या वाढीचा वेग जवळपास सारखाच निघाला. तेव्हा ‘तीन महिन्यांत वाढली नाही, म्हणजे साधी’ हा तर्क टिकत नाही. एका स्कॅनवर दोन जणांनी गाठ मोजली तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडू शकतो, मग तीन महिन्यांची वाढ मोजणार कशी? वर्षाला अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त वाढ झाली किंवा गाठ चार सेंटिमीटरच्या वर गेली, तर मात्र नजर ठेवण्याचा मार्ग सोडून उपचार करतात.

आपल्या शेतकऱ्याचं वय ५८, दोन्ही किडन्या चांगल्या, हृदयाची तक्रार नाही, गाठ किडनीच्या टोकाला. युरोलॉजिस्ट बहुधा बायोप्सीचा पर्याय समजावून सांगतील आणि शेवटी किडनी ठेवून फक्त गाठ काढण्याचं ऑपरेशन सुचवतील. चार सेंटिमीटरच्या आतल्या गाठीसाठी अख्खी किडनी काढायचा सल्ला मिळाला, तर ‘गाठ एकटी काढता येणार नाही का?’ एवढं विचारावं आणि उत्तर नीट ऐकावं. गाठ अगदी मधोमध, मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली असेल तर ते खरंच अवघड असतं. हीच गाठ ७९ वर्षांच्या, दम्याच्या आणि स्टेंट बसवलेल्या आजोबांना असती, तर सहा-सहा महिन्यांनी स्कॅन करून वाट पाहणं हाच बहुतेक डॉक्टरांचा पहिला सल्ला असता. त्या वेळी पहिल्या स्कॅनच्या फिल्म आणि सीडी जपून ठेवलेल्या हव्यात. पुढच्या रेडिओलॉजिस्टला तुलना त्यांच्याशी करायची असते, रिपोर्टच्या कागदाशी नाही.