दारात उभं राहून ओढलेली विडीही बाळापर्यंत पोहोचते. घरातला धूर कमी करायचा तर नेमकं काय करावं?

घरात लहान लेकरू असेल तर विडी-सिगारेट ओढणारी बहुतेक माणसं आपापल्या परीनं काळजी घेतात. कुणी दाराच्या उंबऱ्यावर बसून ओढतं, कुणी खिडकीशी तोंड करतं, कुणी पंखा लावतं. तरीही बाळाची सर्दी, खोकला, कान वाहणं थांबत नाही. धूर टाळण्यासाठी केलेल्या या उपायांचा प्रत्यक्षात किती उपयोग होतो, याचं बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर संशोधनातून मिळालेलं आहे.

उंबरा, पंखा आणि बंद दार

स्वीडनमधल्या संशोधकांनी अडीच-तीन वर्षांच्या मुलांची लघवी तपासून 2004 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखूतलं निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं आणि ते लघवीत उतरतं. त्यामुळे मुलाच्या अंगात किती धूर गेला, हे आई-वडिलांच्या सांगण्यावर अवलंबून राहत नाही.

ज्या घरात कुणीच ओढत नाही, तिथल्या मुलांचं प्रमाण एक धरलं, तर पालक बाहेर जाऊन, दार पूर्ण बंद करून ओढतात तिथं ते साधारण दोन निघालं. उघड्या दाराशी उभं राहणाऱ्यांच्या घरात ते त्याहून जास्त होतं. स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणाऱ्या पंख्याजवळ ओढणाऱ्यांच्या घरात ते तिपटीच्या वर गेलं. घरात कुठंही ओढणाऱ्यांच्या मुलांमध्ये मात्र ते जवळपास पंधरापट होतं.

आपल्याकडची कौलारू किंवा पत्र्याची घरं स्वीडनच्या घट्ट बंद घरांसारखी नसतात, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण क्रम तोच राहतो. पंखा धूर घालवत नाही, तो खोलीभर पसरवतो. उंबऱ्यावरचा धूर वाऱ्याच्या झोतानं आत येतो. बाहेर जाऊन दार ओढून घेतलं तर मोठा फरक पडतो, पण धोका शून्यावर येत नाही.

धूर विझला तरी उरतं काय?

बाहेर ओढूनही थोडं निकोटिन मुलाच्या अंगात का सापडतं? काही धूर फटीतून येतो. काही माणसाच्या श्वासातून, सदऱ्यातून, बोटांवरून येतो. विडी विझल्यावरही काही मिनिटं श्वासासोबत धुराचे अंश बाहेर पडत राहतात.

घरात ओढलं तर निकोटिन आणि इतर घटक भिंतीवर, गोधडीत, उशीत, पडद्यात आणि जमिनीवरच्या धुळीत बसतात आणि नंतर हळूहळू हवेत परत येतात. यालाच ‘तिसऱ्या हाताचा धूर’ म्हणतात. दुसऱ्यानं ओढलेल्या विडीचा धूर आपल्या नाकात जातो, तो ‘दुसऱ्या हाताचा’. अमेरिकेत सॅन डिएगोच्या संशोधकांना ओढणं सोडलेल्या माणसांच्या घरांत सहा महिन्यांनंतरही निकोटिनचे अंश सापडले. रांगणारं बाळ जमिनीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं, म्हणून ते मोठ्यांपेक्षा जास्त सापडतं.

दोन्ही धुरांना एकाच मापात मोजू नये. समोरच्या धुरामुळे लहान मुलांना न्यूमोनिया, दमा बळावणं, कानाचे आजार आणि तान्ह्या बाळाचा झोपेत अचानक मृत्यू हे धोके वाढतात, हे पक्कं ठरलेलं आहे. भिंतीवर बसलेल्या अंशांमुळे नेमकं किती नुकसान होतं, यावर अजून संशोधन चालू आहे. त्यामुळे कपडे-गोधड्या धुण्याआधी घरात ओढणं बंद व्हायला हवं. उलट क्रमानं केलं तर मेहनत वाया जाते.

दहा विड्यांचा हिशेब

समजा, दोन खोल्यांचं घर आहे. चौदा महिन्यांचं बाळ आणि आजोबा एकाच खोलीत झोपतात. आजोबांच्या दिवसाला दहा विड्या होतात. त्यातल्या चार शेतात, तीन उंबऱ्यावर, एक पहाटे उठल्या-उठल्या खाटेवर आणि दोन रात्री झोपताना. शेतातल्या चारांचा बाळाला फारसा त्रास नाही. सगळ्यात वाईट त्या खाटेवरच्या तीन, कारण खोली बंद असते आणि बाळ तिथंच तासन् तास श्वास घेत पडलेलं असतं.

म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त त्या तीन विड्यांकडे बघावं. बंडल आणि काडेपेटी उशाखालून काढून पडवीत, बाळाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, डब्यात ठेवावी. घरात थोटूक टाकायला वाटी ठेवूच नये, कारण वाटी असली की बसल्या जागी ओढलं जातं. थोटूक बाळानं गिळलं तर विषबाधाही होऊ शकते. पुढच्या आठवड्यात उंबऱ्यावरच्या तीन विड्या अंगणाच्या टोकाला न्याव्यात. वारा घराकडे वाहत नसेल अशी बाजू निवडावी आणि दार ओढून घ्यावं.

खरी अडचण पावसाळ्यात येते. अशा वेळी गोठ्यात जाऊन ओढणं नको, कडब्याला आग लागायची भीती असते. पडवीचा दारापासून सगळ्यात लांबचा कोपरा आणि बंद दार, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. ओढून आल्यावर साबणानं हात धुवावेत, चूळ भरावी, वरचा सदरा किंवा उपरणं बाहेर खुंटीला टांगावं आणि दहा-पंधरा मिनिटांनी बाळाला घ्यावं.

घरात ओढणं थांबलं की मग बाळाच्या गोधड्या, उशीचे अभ्रे धुऊन उन्हात घालावेत. झाडण्याआधी फरशी ओल्या फडक्यानं पुसावी, म्हणजे धूळ उडत नाही. भिंतीला रंग किंवा चुना मारला तरी आतले अंश लगेच जात नाहीत. अगरबत्ती लावली तर वास झाकला जातो, पण तिचाही धूर होतो. घरात चूल असेल तर तिचा धूर वेगळा. ‘चुलीचा धूर तर असतोच’ म्हणून विडी चालते असं नाही, दोन्हींची भर पडते.

सासऱ्यांना सांगायचं कुणी?

सुनेनं सासऱ्यांना थेट सांगणं अनेक घरांत अवघड असतं. अशा वेळी आशाताई किंवा नर्सबाईंनी बाळाच्या लसीकरणाच्या दिवशी आजोबांनाच समोर बसवून सांगितलेलं जास्त लागू पडतं. ‘विडी सोडा’ म्हणण्यापेक्षा ‘आबा, खोलीत नको’ एवढीच मागणी आधी ठेवावी. ती मान्य व्हायची शक्यता जास्त असते.

सोडायची तयारी असेल तर केंद्र सरकारच्या 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळतं. विडीऐवजी तंबाखू मळणं किंवा मिश्री लावणं हा उपाय नव्हे. खोलीतला धूर थांबेल, पण तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतो.

दवाखान्यात कधी न्यावं?

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा जास्त असतील, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर ती न्यूमोनियाची खूण असू शकते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं आणि घरात कोण, कुठं ओढतं हेही डॉक्टरांना सांगावं.