पुश झालेली गुप्त किल्ली आणि गिटचा इतिहास

लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी घडवलेली गिट ही प्रणाली प्रोग्रॅमच्या फाइलींच्या सगळ्या आवृत्त्या जपून ठेवते, आणि एकदा नोंदलेले काही हरवू नये या हेतूवरच तिची सारी रचना उभी आहे. हाच गुण जाचक ठरतो, तो नोंदू नये अशी एखादी गोष्ट तिच्यात नोंदली गेली म्हणजे. अशा गोष्टींमध्ये सर्वांत नेहमी आढळणारी म्हणजे गुप्त किल्ली, म्हणजेच एखाद्या सेवेच्या दारावर प्रोग्रॅमने आपली ओळख पटवण्यासाठी दाखवायची अक्षरांची माळ. ही माळ बहुधा `.env` नावाच्या छोट्या फाइलीत लिहिलेली असते. ती फाइल नजरचुकीने कमिटमध्ये, म्हणजे गिटच्या एका कायम नोंदीत, जाते आणि पुश केल्यावर ती नोंद रिमोटवर, म्हणजे गिटहबसारख्या सामायिक सर्व्हरवर, पोहोचते.

चूक लक्षात आल्यावर बहुतेक जण ती फाइल खोडून दुसरे कमिट करतात आणि तेही पुश करतात. हा उपाय निरुपयोगी का ठरतो, हे गिटच्या साठवणीत डोकावल्याशिवाय कळत नाही. गिट फाइलीतला मजकूर एका वस्तूच्या रूपात ठेवते आणि त्या मजकुरावरूनच काढलेला चाळीस अक्षरांचा हॅश हे त्या वस्तूचे नाव असते. कमिट ही अशा वस्तूंकडे आणि आपल्या आधीच्या कमिटकडे बोट दाखवणारी नोंद असते. नव्या कमिटमध्ये फाइल नसली तरी जुने कमिट आपल्या जागी शाबूत राहते, त्यामुळे किल्ली खोडली जाण्याऐवजी ती नेमकी कुठे शोधावी याची खूण मात्र तयार होते. `.gitignore` मध्ये फाइलीचे नाव लिहिण्याचाही येथे उपयोग नसतो, कारण गिटच्या नोंदीत आधीच असलेल्या फाइलींना तो नियम लागू होत नाही.

त्यात वेळही हाताशी नसतो. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक लाखाहून अधिक सार्वजनिक रिपॉझिटरींमध्ये अशा किल्ल्या उघड्या पडलेल्या आढळल्या, आणि गिटहबच्या शोधसुविधेतून नवी किल्ली नजरेस येण्याचा मध्यक काळ अवघा २० सेकंदांचा होता. जे संशोधकांना साधले ते चोरांनाही साधते. म्हणून सार्वजनिक रिपॉझिटरीत गेलेली किल्ली दुसऱ्याच्या हाती पडली असेच धरून चालावे लागते, आणि त्यातून कामाचा क्रम ठरतो: आधी किल्ली निकामी करून नवी घ्यायची, ज्याला या क्षेत्रात किल्ली रोटेट करणे म्हणतात, आणि इतिहासाची सफाई त्यानंतर हाती घ्यायची. अनेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. इतिहास पुसण्याची खटपट तासन्‌तास चालते आणि तेवढा वेळ किल्ली दार उघडतच राहते.

या क्रमाचा सर्वांत बोलका दाखला खुद्द गिटहबचाच आहे. मार्च २०२३ मध्ये गिटहबच्या सर्व्हरची आरएसए प्रकारची खासगी एसएसएच किल्ली थोड्या वेळासाठी एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडल्याचे कंपनीच्या लक्षात आले. सर्व्हर तिचा, प्रवेशाच्या नोंदी तिच्या, इतिहास मुळापासून काढून टाकण्याची मुभाही तिचीच. गैरवापर झाला असे मानण्यास कारण नाही, असेही कंपनीने जाहीर केले. तरीही २४ मार्च रोजी जागतिक वेळेनुसार पहाटे पाचच्या सुमारास, म्हणजे भारतात सकाळी साडेदहाच्या आसपास, ती किल्ली बदलण्यात आली. तिच्यावर विसंबलेल्या जगभरच्या संगणकांवर सर्व्हरची ओळख बदलल्याची मोठ्या अक्षरांतली धोक्याची सूचना झळकली, आणि `ssh-keygen -R github.com` या आज्ञेने जुनी नोंद काढल्याशिवाय तेथील कामे पुढे सरकेनात. सफाईचे सगळे अधिकार हाती असलेल्या संस्थेलाही जर केवळ सफाई पुरेशी वाटली नाही, तर इतरांना ती पुरेशी वाटण्याचे काही कारण उरत नाही.

प्रत्यक्ष कामाचा नमुना म्हणून ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसची ॲक्सेस की घेता येईल. तिचे दोन भाग असतात: `AKIA` या अक्षरांनी सुरू होणारा वीस अक्षरांचा ओळख क्रमांक आणि चाळीस अक्षरांचा गुप्त भाग. ॲमेझॉनच्या व्यवस्थेत एका वापरकर्त्याला एका वेळी दोन किल्ल्या बाळगता येतात आणि ही सोय बदलासाठी फार उपयोगी पडते. नवी तयार करून प्रोग्रॅमला द्यावी, तो चालतो याची खात्री करावी आणि मगच जुनी बंद करावी, असा शांतपणाचा मार्ग त्यामुळे मोकळा होतो. मात्र तो मार्ग रिपॉझिटरी खासगी असेल आणि ती पाहणारे मोजके लोक माहीत असतील तेव्हाच शोभतो. किल्ली सार्वजनिक झाली असेल तर आधी जुनी बंद करणे भाग आहे, मग सेवा काही मिनिटे ठप्प झाली तरी चालेल. पुढील दोन आज्ञा त्याच क्रमाने दिल्या आहेत. त्या प्रशासकाच्या वेगळ्या ओळखीने चालवायच्या असतात आणि त्यांतला ओळख क्रमांक ॲमेझॉनच्याच दस्तऐवजांतला नमुन्याचा आहे.

```
aws iam update-access-key --user-name invoice-app \
  --access-key-id AKIAIOSFODNN7EXAMPLE --status Inactive
aws iam create-access-key --user-name invoice-app
```

येथे किल्ली लगेच कायमची न काढता आधी निष्क्रिय करण्यात शहाणपण आहे, कारण त्याच किल्लीवर चालणारे एखादे विसरलेले रात्रीचे काम बंद पडले तर ते उघडकीस येते, आणि अगदीच निकड भासली तर किल्ली पुन्हा सुरू करता येते. काढून टाकलेली किल्ली परत मिळत नाही. गिटहब सार्वजनिक रिपॉझिटरींमध्ये अशा किल्ल्या शोधून ॲमेझॉनला कळवते आणि ॲमेझॉन त्या वापरकर्त्यावर काही धोकादायक कृती रोखणारे धोरण लावते, हे खरे आहे. पण त्या धोरणाने किल्ली बंद होत नाही. ॲमेझॉनचा इशारावजा ईमेल आला म्हणून निर्धास्त होणारे नेमके येथेच फसतात.

किल्ली बंद केल्यावरही एक वाट उघडी राहू शकते. चोराने दरम्यानच्या काळात त्या किल्लीवरून तात्पुरते परवाने काढून घेतले असतील, तर ते आपापल्या मुदतीपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यांचे ओळख क्रमांक `ASIA` ने सुरू होतात आणि ते थोपवण्यासाठी ठरावीक वेळेपूर्वी दिलेले परवाने नाकारणारा नियम स्वतंत्रपणे लावावा लागतो. किल्लीचा वापर झाला का, हे क्लाउडट्रेल या नोंदवहीत पाहता येते. तिच्यात मागील ९० दिवसांच्या व्यवस्थापकीय घडामोडी ओळख क्रमांकावरून शोधता येतात, परंतु ही नोंद प्रदेशवार असते, आणि चोर बहुधा मालकाने कधी न वापरलेल्या प्रदेशातच आभासी चलनाच्या खाणकामासाठी सर्व्हर उभे करतात; म्हणून शोध प्रत्येक प्रदेशात घ्यावा लागतो. नवे वापरकर्ते, नव्या किल्ल्या आणि नव्या भूमिका तयार झाल्या का, हेही तेव्हाच तपासावे. या नोंदवहीची मर्यादा अशी की एस-थ्री साठवणीतील एखादी फाइल कोणी वाचली, याची नोंद आधीपासून वेगळी सुरू केलेली नसेल तर तिच्यात सापडत नाही. कोरी नोंदवही हा माहिती चोरीला न गेल्याचा पुरावा धरता येत नाही.

एवढे झाल्यावर इतिहासाकडे वळण्यास हरकत नाही. पूर्वी वापरली जाणारी `git filter-branch` ही आज्ञा टाळण्याचा सल्ला आता गिटचे अधिकृत दस्तऐवजच देतात आणि तिच्या जागी एलायजा न्यूरेन यांनी लिहिलेले `git filter-repo` सुचवतात. आधी सहकाऱ्यांचे अपुरे काम पुश करून घ्यावे, मग सर्व ब्रँच आणि टॅग असलेली ताजी प्रत उतरवावी. जुन्या प्रतीवर चालण्यास हे साधन स्वतःच नकार देते आणि तो नकार जबरदस्तीने मोडू नये. `keys.txt` या फाइलीत किल्लीचे दोन्ही भाग एकेका ओळीवर लिहिले की इतिहासभर त्यांच्या जागी `***REMOVED***` असे शब्द येतात.

```
git clone --mirror REPO_URL repo.git
cd repo.git
git filter-repo --replace-text ../keys.txt
git log --all --oneline -S'AKIAIOSFODNN7EXAMPLE'
git push --force --mirror REPO_URL
```

चौथी आज्ञा ही परीक्षा आहे: तिने एकही ओळ छापली नाही तरच पाचवी चालवावी. ही परीक्षा गुप्त भागासाठीही घ्यावी, आणि किल्ली कमिटच्या संदेशात लिहिली गेली असेल तर `--replace-message` हा पर्याय वेगळा द्यावा लागतो, कारण पहिला पर्याय फक्त फाइलींच्या मजकुराला हात लावतो. झिपसारख्या बायनरी फाइलींत दडलेली किल्ली त्यालाही दिसत नाही. तेथे ती फाइलच इतिहासातून काढावी लागते.

या शस्त्रक्रियेची किंमत मोठी असते. कमिटचे नाव त्याच्या आशयावरून आणि आधीच्या कमिटवरून ठरत असल्याने, किल्ली शिरली त्या ठिकाणापासून पुढच्या प्रत्येक कमिटचे नाव बदलते, सह्या गळून पडतात आणि जुन्या चर्चांतले दुवे तुटतात. प्रत्येक सहकाऱ्याने नव्याने क्लोन करणे आवश्यक असते. एकाने जरी जुन्या प्रतीत नवा इतिहास मर्ज करून पुश केला, तरी पुसलेली किल्ली पूर्ववत रिमोटवर येते. असे घडल्याची खूण म्हणजे तीच कमिटे दोन वेगवेगळ्या नावांनी यादीत दिसू लागणे.

एवढे करूनही गिटहबवर अवशेष राहतात. `refs/pull/` या नावाखालील पुल रिक्वेस्टच्या खुणा वापरकर्त्याला बदलता येत नाहीत, त्यामुळे पाचव्या आज्ञेत तेवढ्या खुणा नाकारल्या जातात. त्या आणि साठवलेली जुनी पाने काढण्यासाठी गिटहबच्या मदतकक्षाकडे अर्ज करावा लागतो. फोर्क, म्हणजे इतरांनी आपल्या खात्यात घेतलेल्या प्रती, मूळ रिपॉझिटरीशी सामायिक साठवणीने जोडलेल्या असतात, म्हणून कोणत्याही एका फोर्कमध्ये टिकलेले कमिट त्याच्या हॅशवरून मूळ पत्त्यावरही उघडता येते. आणि लोकांच्या संगणकांवर उतरलेल्या प्रतींवर तर कोणाचाच अंमल चालत नाही.

त्यामुळे किल्ली खरोखर निकामी झाली असेल, तर केवळ तिच्यासाठी चालत्या प्रकल्पाचा इतिहास पुन्हा लिहिणे बहुधा परवडत नाही. मेलेली किल्ली इतिहासात पडून राहिली तरी ती कोणतेही दार उघडत नाही. बदलता न येणारी माहिती, म्हणजे ग्राहकांची नावे, आधार क्रमांक किंवा रुग्णांच्या नोंदी, कमिटमध्ये गेली असेल तर मात्र सफाईला पर्याय नाही. खासगी रिपॉझिटरीतील जिवंत किल्ली तशीच ठेवणेही घातक ठरते: २०१६ मध्ये उबर कंपनीच्या खासगी रिपॉझिटरींत शिरलेल्यांना तेथे ॲमेझॉनची किल्ली सापडली आणि तिच्या आधारे पाच कोटी सत्तर लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. ज्या वाचकांकडे स्वतःचा प्रकल्प आहे त्यांनी त्याच्या फोल्डरमध्ये `git log --all --oneline -- .env` ही आज्ञा एकदा चालवून पाहावी, आणि एक जरी ओळ उमटली तरी त्या फाइलीतल्या सगळ्या किल्ल्या त्याच दिवशी बदलाव्यात.