कार्ड गेलं, तरी टाकीची मोटर थांबली पाहिजे

टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते. पहाटे साडेपाचला गीझर सुरू होतो आणि सव्वासहाला थांबतो. अंधार पडला की जिन्यातला दिवा लागतो. हळूहळू घरातली माणसं या गोष्टींकडे लक्ष देणं सोडून देतात. मग एका रात्री वीज जाते, परत येते आणि सकाळी गच्चीवरून पाणी वाहत असतं. राउटरशेजारच्या छोट्या डबीवरचा लाल दिवा लागलेला असतो, पण मोबाइलवर हबचं पान काही उघडत नाही.

अशा घरांत बऱ्याचदा ही डबी म्हणजे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असतो आणि त्यावर होम असिस्टंट चालत असतं. 2013 मध्ये सुरू झालेली ही मुक्त प्रणाली फुकट मिळते आणि सगळा कारभार घरातल्या घरात ठेवते. हाच तिचा मोठा गुण आहे, पण त्यामुळे सगळी जबाबदारीही घरावरच येते. उपकरणांची नावं, खोल्या, पासवर्ड, ऑटोमेशन हे सारं नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डावर असतं.

त्या कार्डाला विश्रांती मिळत नाही. प्रत्येक सेन्सरचं तापमान, प्रत्येक स्विचची उघडझाप यांची नोंद होम असिस्टंट एका डेटाबेसमध्ये करतं. वेगळं काही ठरवलं नसेल तर दर 5 सेकंदांनी नव्या नोंदी कार्डावर उतरतात आणि 10 दिवसांपेक्षा जुन्या नोंदी पुसल्या जातात. फोटो साठवण्यासाठी घेतलेलं स्वस्त कार्ड अशा अखंड लिहिण्या-पुसण्यानं झिजतं. नेमकं लिहिणं चालू असताना वीज गेली, तर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडू शकते. हबला छोटा यूपीएस जोडल्यानं हा दुसरा धोका बराच कमी होतो, झीज मात्र चालूच राहते.

कार्ड आजारी पडल्याची चिन्हं ओळखता येतात. लॉगमध्ये `database disk image is malformed` अशी ओळ दिसते, किंवा आलेखांचा सगळा इतिहास एका दिवशी कोरा होतो. बिघडलेला डेटाबेस बाजूला ठेवून प्रणालीनं नवा सुरू केलेला असतो. त्याहून फसवं चिन्ह म्हणजे काल केलेला बदल हब पुन्हा सुरू केल्यावर गायब होणं. तेव्हा कार्ड वाचू देतं, पण लिहिलेलं धरून ठेवत नाही. यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी बॅकअप घेऊन तो दुसरीकडे हलवावा.

बॅकअपमध्ये काय हवं, याबद्दल मोठा गैरसमज आहे. ऑटोमेशन `automations.yaml` या फाइलमध्ये असतात, म्हणून अनेक जण तेवढीच फाइल लॅपटॉपवर उतरवून निर्धास्त होतात. मोटरचं ऑटोमेशन तिथे साधारण असं दिसतं:

```yaml
- alias: टाकी भरली की मोटर बंद
  triggers:
    - trigger: state
      entity_id: binary_sensor.taki_bharli
      to: "on"
  actions:
    - action: switch.turn_off
      target:
        entity_id: switch.pani_motor
```

`switch.pani_motor` म्हणजे गच्चीवरचं नेमकं कोणतं उपकरण, हे या फाइलला ठाऊक नसतं. ती ओळख `.storage` नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असते. उपकरणांची नोंदवही, खोल्या, खात्यांची जोडणी, स्क्रीनवरची मांडणी हे सगळं तिथे. तो फोल्डर गेला तर प्रत्येक उपकरण नव्यानं जोडून त्याला अक्षरशः तेच नाव द्यावं लागतं. काही ऑटोमेशनमध्ये नावाऐवजी `device_id` म्हणजे आकड्या-अक्षरांची लांब ओळख असते. नव्या जोडणीत ती बदलते आणि तसं ऑटोमेशन हातानं दुरुस्त करावं लागतं. म्हणून एक-दोन फाइल न उचलता पूर्ण बॅकअपच घ्यायला हवा.

त्याची सोय प्रणालीतच आहे. `Settings → System → Backups` या पानावर रोजचा आपोआप बॅकअप लावता येतो. त्यात सेटिंग्जबरोबर जोडलेली इतर अ‍ॅप्सही घ्यावीत. जुन्या नोंदींचा इतिहास वगळला तर फाइल पुष्कळ लहान होते, पण वीजवापराचे महिन्यामहिन्याचे आकडेही त्याच डेटाबेसमध्ये असतात. ते हवे असतील तर इतिहास ठेवावा.

खरी फसगत होते ती बॅकअपच्या जागेत. दुसरी जागा निवडली नाही, तर बॅकअप त्याच कार्डावर पडतो. कार्ड मेलं की घर आणि घराची किल्ली दोन्ही एकदमच जातात. म्हणून त्याच पानावर गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा घरातला नेटवर्क डिस्क असं एखादं ठिकाण जोडावं. किती प्रती ठेवायच्या तेही तिथेच ठरतं. फक्त शेवटच्या तीनच प्रती ठेवल्या आणि बिघाड आठवडाभर लक्षात आला नाही, तर तिन्ही प्रती बिघाडानंतरच्याच निघतात. निदान दोन आठवडे मागे जाता येईल इतक्या प्रती असाव्यात.

हे बॅकअप कुलूपबंद असतात. 2025 च्या सुरुवातीला आलेल्या नव्या रचनेत प्रत्येक घराला एक लांब सांकेतिक किल्ली मिळते आणि ती `emergency kit` या छोट्या फाइलमधून उतरवून घेता येते. ही किल्ली हबवर पाहता येते, पण हबच बंद पडला तर ती पाहणार कुठे? ड्राइव्हवर धडधाकट प्रत असूनही ती उघडता येणार नाही. म्हणून ती छापून घरच्या कागदपत्रांत ठेवावी आणि घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवावी.

आता परत मिळवण्याची तालीम. ती करायची उत्तम पद्धत म्हणजे कोऱ्या कार्डावर. 32 जीबीचं चांगलं कार्ड घेऊन लॅपटॉपवरच्या रास्पबेरी पाय इमेजरनं त्यावर होम असिस्टंटची ताजी आवृत्ती लिहायची. हब नीट बंद करून जुनं कार्ड काढायचं, नवं घालायचं. थोड्या वेळानं ब्राउझरमध्ये `http://homeassistant.local:8123` उघडलं की नवं खातं न काढता बॅकअपमधून परत आणण्याचा पर्याय निवडायचा, फाइल चढवायची आणि किल्ली टाकायची. मोठ्या बॅकअपला पाऊण तासही लागू शकतो. पान मध्येच प्रतिसाद देईनासं होतं, तेव्हा घाबरून वीज काढू नये.

ही तालीम दुसऱ्या संगणकावर, मूळ हब चालू ठेवून करू नये. वायफायवरची मोटर दोन्हीकडून आज्ञा घेईल आणि एकानं बंद केलेली दुसरा चालू करू शकेल. त्याच डबीत कार्ड बदललं की हा धोका राहत नाही, शिवाय झिगबीचा डोंगलही जागच्या जागी राहतो. झिगबी उपकरणांचं जाळं त्या डोंगलच्या स्मृतीत असतं, त्यामुळे दिवे आणि प्लग लवकर परततात. बॅटरीवरचे सेन्सर बराच वेळ झोपलेले असतात, ते पुढच्या वेळी बोलतील तेव्हाच दिसतात. दाराचा सेन्सर दिसत नसेल तर आधी दार एकदा उघडून बंद करावं. लगेच तो काढून नव्यानं जोडण्याची घाई नको.

तालमीत फक्त यादी पाहून थांबू नये. टाकीतला फ्लोट हातानं उचलून मोटर खरोखर थांबते का, हे पाहावं. सगळं जमलं की नवं कार्डच वापरात ठेवता येतं आणि जुनं, अजून धड असेल तर, जपून ठेवता येतं. मग त्याच दिवशी `Backups` पान पुन्हा उघडून बॅकअपचं बाहेरचं ठिकाण अजून जोडलेलं आहे ना, किल्ली कागदावरचीच आहे ना, हे तपासावं आणि एक नवा बॅकअप हातानं घ्यावा.