‘कॅब आहे, अलाउन्स आहे’ म्हणजे नक्की काय?

‘अर्जंट भरती. यूएस प्रोसेस, हिंजवडी. रात्रपाळी. पगार 28,000 पर्यंत + शिफ्ट अलाउन्स, कॅब सुविधा, वीक ऑफ.’ पुण्यात नोकरी शोधणाऱ्या बहुतेकांच्या मोबाइलवर असा एखादा मेसेज येऊन गेलेला असतो. त्यात खोटं काहीच नसतं. फक्त जे विचारायला हवं ते सगळं मोघम सोडलेलं असतं.

पहिली गोची ‘पर्यंत’ या शब्दात आहे. शिफ्ट अलाउन्स बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष काम केलेल्या रात्रीमागे मिळतो. समजा रात्रीला 200 रुपये दर आहे आणि महिन्यात 22 पाळ्या आहेत, म्हणजे 4,400 रुपये. मेसेजमध्ये ‘+’ छापलेलं असलं, तरी मुलाखतीत कधी कधी कळतं की हे 4,400 त्या 28,000 मध्येच धरलेले आहेत, म्हणजे खरा पगार 23,600. शिवाय चार रात्री रजेवर गेलात, तर 800 रुपये आणखी कमी. आणि प्रोसेस बदलून दिवसपाळीत टाकलं, तर अलाउन्स पूर्ण बंद. रात्रपाळीसाठी वेगळा भत्ता दिलाच पाहिजे असं महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा सांगत नाही. तो कंपनीच्या धोरणाचा भाग असतो. त्यामुळे दर काय, पगाराच्या आत की वर, आणि रजेच्या दिवशी मिळतो का, हे विचारण्यात संकोच कसला?

कॅबचा मुद्दा याहून नाजूक आहे. नोव्हेंबर 2007 मध्ये पुण्यात बीपीओत काम करणाऱ्या एका तरुणीला रात्रपाळीसाठी न्यायला आलेल्या कॅबच्या चालकानेच साथीदाराच्या मदतीने तिचा खून केला. कंपन्यांच्या वाहतुकीच्या नियमांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं ते अशा घटनांमुळे. आजचा कायदा सांगतो की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर कामाच्या ठिकाणाहून तिच्या घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय मालकाने करायची. कोपऱ्यावरच्या चौकापर्यंत नव्हे, दारापर्यंत. पुरुषांना मात्र अनेकदा एखाद्या ठरलेल्या ‘पिक-अप पॉइंट’पर्यंत स्वतः जावं लागतं.

कायद्याच्या या कलमात घरी सोडण्याचा उल्लेख आहे; घरून नेण्याचं काय, हा प्रश्न मेसेज वाचणाऱ्यानेच उपस्थित करायचा. संध्याकाळी साडेसहाचं लॉगिन असेल, तर काही कंपन्या ‘अजून बस चालू असतात’ म्हणून फक्त ड्रॉप देतात. किलोमीटरची मर्यादाही असते. तळेगाव किंवा चाकणला राहणाऱ्याने आपला पत्ता सांगूनच विचारावं: माझं घर तुमच्या हद्दीत येतं का? कॅबचे पैसे पगारातून कापता का? गाडी वाटेत आणखी तिघांना घेणार असेल, तर साडेसातच्या लॉगिनसाठी पावणेसहालाच दारात उभं राहावं लागतं. त्या वेळेचे पैसे सहसा मिळत नाहीत.

लॉगिनची वेळही वर्षभर एकच राहत नाही. अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलतात. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. त्याबरोबर कॅबची वेळ सरकते आणि सुटण्याचीही.

सुट्टीचं गणित तर रात्रपाळीतच नीट कळतं. नऊ तासांची शुक्रवारची पाळी हिवाळ्यात शनिवारी पहाटे साडेचारला संपते. कागदावर शनिवार सुट्टीचा, पण त्याची सकाळ झोपेत जाते. पुढची पाळी रविवारी संध्याकाळी साडेसातला असेल, तर मधे 39 तास मिळतात. तीच पाळी रोटेशनमध्ये बदलून रविवारी सकाळी सातला लावली, तर उरतात साडेसव्वीस. आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी कायद्याला हवी असते, ती इथे मिळाली; माणूस मात्र झोपमोडीतच परत लॉगिन करतो. म्हणून ‘दोन ऑफ’ ऐकल्यावर ते सलग आहेत का, आणि रोस्टर किती दिवस आधी मिळतं, हे विचारावं. सुट्टीच्या दिवशी बोलावलं, तर बदली रजा दोन महिन्यांच्या आत द्यावी, असं 2017 चा कायदा सांगतो.

भरती करणाऱ्याला हे सगळं चार ओळींत लिहिता येतं: ‘मूळ पगार 23,600, त्यावर प्रत्यक्ष पाळीमागे 200 रुपये, रजेला नाही. लॉगिन साडेसहा, नोव्हेंबर ते मार्च साडेसात. हिंजवडीपासून 25 किमीपर्यंत घरून पिक-अप आणि घरापर्यंत ड्रॉप, कपात नाही. शनिवार-रविवार सलग सुट्टी.’ असा मेसेज पाठवला तर उत्तरं थोडी कमी येतील, पण आठवड्याभरात नोकरी सोडून जाणारेही कमी होतील.

उमेदवाराने हेच मुद्दे ईमेलवर मागून घ्यावेत, कारण ऑफर लेटरमध्ये वाहतुकीपुढे बहुधा एवढंच असतं: ‘कंपनीच्या धोरणानुसार, आणि धोरण वेळोवेळी बदलू शकते.’