ऑफिसचा मेल, आपला फोन

नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात आयटी विभागाचा निरोप येतो: फोनवर मेल आणि कॅलेंडर जोडून घ्या. बहुतेक जण समोर येणाऱ्या प्रत्येक सूचनेला 'हो' म्हणत हे काम दोन मिनिटांत उरकतात. मग कधीतरी शंका येते, आता साहेबांना आपलं व्हॉट्सॲप दिसणार का? फक्त मेल जोडल्याने ते दिसत नाही. ऑफिसच्या मेलचं म्हणाल, तर तो कंपनीच्याच सर्व्हरवर असतो, त्यामुळे फोनवर असो वा नसो, कंपनी तो वाचू शकतेच. विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे. फोन हरवला किंवा नोकरी सुटली, तर कंपनी दूर बसून या फोनवरून काय काय पुसू शकते?

समजा, हिंजवडीतल्या एका कंपनीत रुजू झालेल्या मुलीकडे स्वतःचा अँड्रॉइड फोन आहे आणि कंपनीचा मेल मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजवर आहे. फोनमध्ये आधीपासून असलेल्या मेल ॲपमध्येच तिने ऑफिसचं खातं जोडलं. अशा वेळी बऱ्याचदा 'Activate device admin app?' असा प्रश्न येतो आणि त्याखाली अधिकारांची यादी असते. त्यात 'Erase all data' असेल, तर थांबावं. या तीन शब्दांचा अर्थ शब्दशः घ्यायचा. एक्स्चेंज सांभाळणाऱ्याकडे फक्त ऑफिसचं खातं पुसण्याची सोय असते, तशीच अख्खा फोन पुसण्याचीही असते. दुसरा आदेश सुटला, की फोन दुकानातून आणल्यासारखा कोरा होतो आणि बॅकअप नसेल तर लेकीच्या बारशाचे फोटोही जातात. त्यामागे कुणाचा वाईट हेतू असावा लागतो असं नाही. घाईत चुकीचा पर्याय निवडला गेला तरी पुरे.

हेच खातं तिने आउटलुक ॲपमध्ये जोडलं असतं, तर पुसण्याच्या आदेशाने फक्त आउटलुकमधला ऑफिसचा मजकूर गेला असता. इथेही कंपनी नियम लावते: ॲप उघडताना वेगळा पिन मागायचा, मेलमधला मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकू द्यायचा नाही. पण ते नियम ॲपपुरते असतात. कधी कधी सोबत 'Company Portal' नावाचं ॲप घ्यायला सांगतात. ते नुसतं फोनवर असणं म्हणजे फोन कंपनीच्या ताब्यात देणं नव्हे. फोनची नोंदणी करण्याची पायरी वेगळी असते, आणि कंपनी काय पाहू शकते, काय नाही, याची यादी तेव्हा दाखवली जाते. ती मात्र वाचावीच.

अँड्रॉइडवर नोंदणी केली, तर स्वतःच्या फोनवर सहसा 'वर्क प्रोफाइल' तयार होतं. २०१४च्या अँड्रॉइड ५पासून ही सोय आहे. ऑफिसच्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसची खूण येते. कंपनीला फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि ब्रीफकेसवाली ॲप दिसतात. तुमचे फोटो, एसएमएस, बाकीची ॲप दिसत नाहीत. अख्ख्या फोनला पक्कं लॉक हवं अशी सक्ती ती करू शकते, पण पुसता येतं ते वर्क प्रोफाइलच. शिवाय संध्याकाळी ते बंद ठेवता येतं. माझ्या मते स्वतःच्या फोनसाठी हीच मांडणी सगळ्यांत चांगली.

आयफोनवर याचा पत्ता 'Settings'मध्ये 'General'खाली 'VPN & Device Management' इथे लागतो. तिथे कंपनीचं प्रोफाइल दिसलं, तर नोंदणी कुठल्या प्रकारची आहे हे आयटीला विचारावं. 'User Enrollment' असेल, तर खाजगी ॲपची यादी कंपनीला मिळत नाही आणि फोनही पुसता येत नाही. 'Device Enrollment' असेल, तर दोन्ही शक्य आहे.

कॅलेंडरमध्ये घोळ होतो तो आपल्याच हातून. नवी नोंद कुठल्या खात्यात जाणार हे न पाहता 'मानसोपचारतज्ज्ञ, सायंकाळी ५' असं टाकलं आणि ती ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये गेली, तर ज्यांना ते पाहण्याची मुभा आहे त्यांना ती वाचता येते. फोनच्या कॅलेंडर ॲपमध्ये आपलं स्वतःचं खातं 'डीफॉल्ट' करून ठेवावं. फोन नंबरांचंही तसंच. घरच्या गॅसवाल्याचा नंबर नकळत ऑफिसच्या खात्यात सेव्ह झालेला असतो, आणि खातं काढलं की तोही फोनवरून जातो. म्हणून राजीनामा देण्याआधीच कॉन्टॅक्ट्सची यादी खात्यानुसार उघडून पाहावी आणि घरचे नंबर आपल्या खात्यात हलवावेत. शेवटच्या दिवशी आयटीने खातं बंद केल्यावर ते हाती लागतीलच असं नाही.